विषय : पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी 15 ते 31 जानेवारी मेडिकल रजा मिळणेबाबत

लातूर
5 जानेवारी 2026

सर, नमस्कार,

समोर बोलायचं होतं पण तुमच्या केबिनमधी अडत्यांची गर्दी हटतच नाही, म्हणून लिहूनच देतो. येळवसला शेतात भज्जी-अंबिल पोटभर खाल्ली आन रात्री उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की पार खांद्यापर्यंत गेली, मला वाटलं ॲसिडिटी, दोन दिवस सोडा पिऊन काढले. मग सोनोग्राफी केली तर पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. मुतखड्यासारखे हे पाणी पिऊन पडत नाहीत, पूर्ण पिशवीच काढावी लागते म्हणले डॉक्टर. सध्या गोळ्यांनी सूज उतरलीय, पण परत अटॅक आला तर इमर्जन्सीत करावं लागेल, त्यापेक्षा आत्ताच केलेलं बरं.

16 तारखेला शुक्रवारी दुर्बिणीतून ऑपरेशन आहे, 15 ला ॲडमिट व्हायचंय. सगळं नीट झालं तर एक-दोन दिवसात डिस्चार्ज, मग घरी आराम. म्हणून 15 ते 31 जानेवारी रजा पाहिजे. दोन रविवार आन 26 जानेवारी सोडून कामाचे 14 दिवस होतात, माझ्या 9 सुट्ट्या शिल्लक आहेत, उरलेले 5 बिनपगारी धरले तरी चालतील. 2 फेब्रुवारीला सोमवारी हजर होतो. दुर्बिणीतून नाही जमलं आन पोट उघडून करावं लागलं तर मात्र महिना-दीड महिना जाऊ शकतो, तसं काही झालं तर घरून त्याच दिवशी फोन येईल तुम्हाला.

नव्या तुरीची आवक आत्ताच सुरू होतीय आन मी नेमका जातोय, याचं मलाच लई वाईट वाटतंय, पण पोटाला सीझन कळत नाही. 11 च्या आत जीएसटीआर-1 भरून टाकतो. 3बी ची तारीख 20 आहे, त्याचं वर्किंग 14 पर्यंत काढून ठेवतो, फक्त चलन भरून सबमिट करायचं राहील, ओटीपी तुमच्याच मोबाईलवर येतो तेवढा द्या. काट्याच्या पावत्या आन बारदाण्याचा हिशोब गोदामातल्या पोराला समजावून सांगायलोय, पोरगं हुशार आहे पण बेरीज एकदा तुम्ही बघा. अडत्यांच्या पेमेंटची यादी टॅलीतून काढून लाल फाईलला लावतो.

अजून एक, परत आल्यावर साधारण महिनाभर वजन उचलायचं नाही असं सांगितलंय, म्हणजे खुर्चीवरचं काम सगळं करीन पण स्टॉक मोजताना कट्टे हलवायला कुणीतरी सोबत द्या.

सोनोग्राफीचा रिपोर्ट आन डॉक्टरांची चिठ्ठी जोडलीय, डिस्चार्ज कार्ड आन फिटनेस सर्टिफिकेट हजर होताना देतो. पहिले चार-पाच दिवस सोडून फोनवर कधीही विचारा. 10 तारखेपर्यंत मंजुरी कळवली तर बरं होईल, दवाखान्यात तारीख पक्की करायचीय.

तुमचा,
बालाजी
अकाउंट विभाग