एनपीएस खाते विवरण २०२४-२५ : सारांश
नागपूर, १२ जून २०२५

ताई, सादर नमस्कार.

तुमच्या एनपीएसच्या, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेच्या, टिअर-१ या मुख्य खात्याचे १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ चे विवरण आम्ही ओळ न् ओळ वाचले. दोन गोष्टी याच महिन्यात करायच्या आहेत : नोव्हेंबरच्या पगारातली वर्गणी शोधायची आणि वारसदाराचे नाव घालायचे.

वर्गणी

तुमचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून ४२,००० रुपये. त्यावर १० टक्के म्हणजे ४,२०० तुमचे आणि तेवढेच बुटीबोरीच्या कंपनीचे, दरमहा ८,४००. वर्षभरात अशा बारा नोंदी हव्यात. विवरणात अकराच आहेत. जमा झाले ९२,४००. नोव्हेंबरची वर्गणी जिथे दिसायला हवी त्या डिसेंबरमध्ये नोंद दिसते खरी, पण ती तुम्ही स्वतः २० डिसेंबरला ऑनलाइन भरलेल्या १०,००० ची आहे. म्हणूनच खाडा चटकन लक्षात येत नाही. नोव्हेंबरच्या पगारपत्रकात मात्र ४,२०० कापलेले आहेत.

असे बहुतेक दोन कारणांनी होते : अपलोड करताना प्रान या तुमच्या कायम खाते क्रमांकाचा आकडा चुकतो, किंवा यादी चढते पण पैसे बँकेत त्या यादीशी जुळत नाहीत. पगारपत्रक आणि विवरणाचे डिसेंबरचे पान जोडून एचआरला लेखी द्या, पोच घ्या. नुसते तोंडी सांगून भागत नाही. पैसे जमा होतील त्या दिवशीच्या एनएव्हीनेच, म्हणजे युनिटच्या भावानेच, युनिट मिळतील, मागच्या तारखेने नाही. म्हणून उशीर झाला तर त्याची भरपाईही त्याच पत्रात मागा.

खाते २०१५ मध्ये उघडल्यापासून एकूण वर्गणी ७,७२,००० : तुमची ४,०१,०००, कंपनीची ३,७१,०००. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

फंडाची निवड आणि परतावा

तुम्ही अॅक्टिव्ह चॉइस, म्हणजे प्रमाण स्वतः ठरवण्याचा पर्याय, घेतला आहे : ई (शेअर) ५०, सी (कंपन्यांचे रोखे) २५, जी (सरकारी रोखे) २५ टक्के. ३१ मार्चला ई मध्ये ६,७१,१८०, सी मध्ये ३,०६,९२०, जी मध्ये ३,०१,५४०, एकूण १२,७९,६४०. म्हणजे ई चा वाटा ५२.४५ टक्के झाला आहे. नवीन पैसे ५०-२५-२५ नेच लागतात, जुना साठा मात्र आपोआप जागेवर येत नाही. एवढ्या फरकासाठी आम्ही काही हलवणार नाही. ई ५५ च्या वर गेला तर प्रमाण पुन्हा बसवू. वर्षात चारदा ते करता येते आणि त्यावर कर लागत नाही.

वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक १०,८६,५०० होती, भर पडली १,०२,४०० ची. शुल्कासाठी युनिट कापल्यानंतर वाढ ९०,७४०, म्हणजे साधारण ८ टक्के. पहिल्या पानावरचा ११.३४ टक्के XIRR, म्हणजे वार्षिक परताव्याचा दर, खाते उघडल्यापासूनचा आहे. तो यंदाचा समजू नका.

पैसे कधी, किती काढता येतात

मुलाच्या इंजिनीअरिंगच्या फीसाठी तुम्ही १२.७९ लाखांचे २५ टक्के, म्हणजे सव्वातीन लाखांच्या आसपास धरले होते. तसे मिळत नाहीत. अंशतः रक्कम फक्त तुमच्या स्वतःच्या वर्गणीच्या २५ टक्के मिळते. कंपनीचा वाटा आणि झालेली वाढ त्यात धरत नाहीत. ४,०१,००० चे २५ टक्के म्हणजे १,००,२५०. तीन वर्षांची अट तुम्ही कधीच पूर्ण केली आहे, मुलांचे उच्च शिक्षण हे कारणही चालते. पण जून २०२५ च्या नियमाने साठीपर्यंत अशी संधी एकूण तीनदाच होती. उरलेल्या फीसाठी शैक्षणिक कर्जाचा विचार आधी करा, असे आमचे मत.

साठीआधी खाते बंद केले तर ८० टक्क्यांची, आजच्या शिलकीवर १०,२३,७१२ ची, ॲन्युइटी, म्हणजे नियमित पेन्शन देणारी विमा कंपनीची योजना, घ्यावीच लागेल. हाती फक्त २,५५,९२८. हा मार्ग धरू नका.

साठीनंतर ६० टक्के करमुक्त एकरकमी, किमान ४० टक्क्यांची ॲन्युइटी, असा नियम जून २०२५ मध्ये होता. आजच्या शिलकीवर ते ७,६७,७८४ आणि ५,११,८५६. हिशेबापुरता ६ टक्के दर धरला तर महिन्याला साधारण २,५५९ रुपये पेन्शन, आणि तिच्यावर स्लॅबप्रमाणे कर. तुम्हाला अजून तेरा वर्षे आहेत, आकडा वाढेल. तरी आजचा आकडा डोळ्यांसमोर असू द्या.

वारसदाराच्या रकान्यात ‘नोंद नाही’ असे आहे. खातेदार गेल्यास पूर्ण रक्कम वारसदाराला मिळते, पण नावच नसेल तर घरच्यांना वारस दाखल्यासाठी धावावे लागते. लॉगिन करून नाव आणि टक्केवारी भरा, ई-साइन करा.

करकपातीचे थोडक्यात : जुनी करप्रणाली घेतली असेल तरच डिसेंबरचे १०,००० ८०सीसीडी(१बी) मध्ये, ५०,००० च्या मर्यादेत, दाखवता येतील. नव्या प्रणालीत फक्त कंपनीच्या वाट्याला सूट आहे. फॉर्म १६ घेऊन या, त्यात कोणती प्रणाली आहे ते पाहून पुढचे ठरवू.