पहिल्यांदाच मोबाइलवरून पैसे देणाऱ्यांसाठी ब्रँड धोरण : पहिला टप्पा, हिंगोली जिल्हा

आपल्या ॲपचा पहिला टप्पा वसमत, कळमनुरी आणि औंढा नागनाथ या तीन तालुक्यांत राबवायचा आहे. येथील ज्या ग्राहकाचा आपण विचार करत आहोत, त्याचे किंवा तिचे बँकेत खाते आहे. हळदीची पट्टी किंवा 2024 पासून लाडकी बहीण योजनेची रक्कम त्यात जमा होते आणि घरात स्मार्टफोनही आहे. तरीही मोबाइलवरचा व्यवहार मुलगा किंवा पुतण्या करतो. यूपीआय 2016 मध्ये सुरू झाले, त्यामुळे ही माणसे त्याविषयी अनभिज्ञ आहेत असे समजणे चुकीचे ठरेल. गावात कोणाचे पैसे गेले आणि ते परत मिळवताना त्याला किती हेलपाटे पडले, हे त्यांना नीट माहीत असते. त्यांची सावधगिरी रास्त आहे, आणि तिचा मान राखूनच हा ब्रँड उभा राहिला पाहिजे.

म्हणून वेग आणि सोय यांविषयीचे दावे बाजूला ठेवून आपण एकच वचन द्यावे : तुमचे पैसे या क्षणी कुठे आहेत, हे आम्ही तुम्हाला मराठीत आणि न विचारता सांगू.

या वचनाची खरी परीक्षा रक्कम अडकते तेव्हा होते. खात्यातून दोन हजार वजा झाले, पण समोरच्याला मिळाले नाहीत, अशा वेळी ‘व्यवहार प्रलंबित’ एवढाच मजकूर दिसला, तर नवा ग्राहक घाबरून पुन्हा पैसे पाठवतो किंवा ॲप कायमचे बंद करतो. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2019 च्या नियमानुसार व्यक्तीकडून व्यक्तीला पाठवलेली अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आणि दुकानदाराला दिलेली रक्कम पाच दिवसांत आपोआप परत यावी लागते. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला 100 रुपये भरपाई मिळते. हा हक्क आपल्या पडद्यावर ठळक दिसला पाहिजे. मजकूर असा असावा : ‘तुमचे 2,000 रुपये समोरच्या खात्यात पोहोचलेले नाहीत. ते उद्यापर्यंत तुमच्या खात्यात परत यायला हवेत. तोवर पुन्हा पाठवू नका.’ हाच मजकूर आवाजातही ऐकू यावा आणि रक्कम परत आल्यावर पुन्हा कळवावे. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत मराठी बोलणारा माणूस फोन उचलेल, अशी मदतवाहिनी याच कामासाठी हवी. जाहिरातीच्या तरतुदीतील निम्मा वाटा या व्यवस्थेकडे वळवावा, अशी आमची स्पष्ट शिफारस आहे.

कॅशबॅक, स्क्रॅच कार्ड आणि बक्षिसे यांना पहिल्या टप्प्यात पूर्ण मनाई असावी. हा निर्णय विपणन विभागाला जड जाईल, याची आम्हाला कल्पना आहे. परंतु ‘तुम्हाला बक्षीस लागले आहे’ हेच फसवणूक करणाऱ्याचेही पहिले वाक्य असते. ज्या ग्राहकाला आपणच अशा संदेशावर बोट ठेवायची सवय लावू, त्याने खरा संदेश आणि खोटा संदेश वेगळा ओळखावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्याच कारणास्तव पहिले सहा महिने कर्जाची जाहिरात ॲपमध्ये दाखवू नये.

पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, ही गोष्ट प्रत्येक ग्राहकाच्या मनात पक्की बसली पाहिजे. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठवण्याची सोय ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली असली, तरी ‘पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करा’ हा डाव शिल्लक आहे. पिन टाकण्याचा पडदा राष्ट्रीय भुगतान निगमाने ठरवून दिलेला असल्यामुळे त्यात आपल्याला बदल करता येत नाही. म्हणून त्याआधीच्या पडद्यावर ‘तुमच्या खात्यातून पैसे जाणार आहेत’ हे वाक्य, रक्कम आणि घेणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत व आवाजात द्यावे. फसवणूक झालीच, तर 1930 हा राष्ट्रीय क्रमांक लावण्याचे बटण मुख्य पानावरच असावे.

ओळख करून देण्याचे काम बचत गटांतील महिलांकडे सोपवावे, कारण पैशांच्या बाबतीत त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे. मात्र त्यांचे मानधन डाउनलोडच्या संख्येवर ठरवू नये. तसे केल्यास घाई होईल आणि त्यांची पत आपल्यामुळे धोक्यात येईल. शिकवताना फोन ग्राहकाच्याच हातात राहील आणि पिन कोणीही पाहणार नाही, हा नियम मोडणाऱ्या व्यक्तीचे काम तत्काळ थांबवावे. पहिला व्यवहार घरातल्याच व्यक्तीला एक रुपया पाठवण्याचा असावा, म्हणजे पैसे गेल्याची आणि पोहोचल्याची खात्री एकाच ठिकाणी बसून करता येईल.

यशाचे मोजमाप दोन गोष्टींवरून व्हावे : तिसऱ्या महिन्यात किती ग्राहक कोणाच्याही मदतीशिवाय व्यवहार करतात, आणि रक्कम अडकलेल्या किती ग्राहकांनी त्यानंतरही ॲप वापरणे सुरू ठेवले. दुसरा आकडा समाधानकारक येईपर्यंत चौथ्या तालुक्यात जाऊ नये. मदतवाहिनीवरील नेमणुका आणि अडकलेल्या व्यवहारांचे संदेश यांना संचालक मंडळाने प्रथम मंजुरी द्यावी. बोधचिन्ह आणि रंगसंगतीचा प्रस्ताव त्यानंतर सादर केला जाईल.