मंजूर संशोधन अनुदानात शीर्षांतर्गत पुनर्विनियोजनास मान्यता मिळण्याबाबत

सोलापूर, दि. ४ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
संशोधन अनुदान समिती

विषय : 'सोलापूर जिल्ह्यातील डाळिंबावरील तेल्या रोगाच्या जिवाणूची ताम्रयुक्त औषधांना सहनशीलता' या प्रकल्पाच्या दुसऱ्या वर्षातील खर्चशीर्षांत बदल.

महोदय / महोदया,

वरील प्रकल्पास समितीने तीन वर्षांसाठी रु. १२,००,००० मंजूर केले आहेत. एकूण रक्कम, कालावधी आणि उद्दिष्टे तशीच ठेवून उपकरणे या शीर्षातील रु. २,४०,००० इतर तीन शीर्षांत वळवण्यास मान्यता द्यावी, ही विनंती. भांडवली शीर्षातला पैसा आवर्ती खर्चाकडे वळवण्याबाबत समिती काटेकोर असते आणि ते योग्यच आहे. म्हणून कारणे सविस्तर मांडत आहे.

ही रक्कम पीसीआर यंत्रासाठी होती. दरम्यान आमच्या विभागाला दुसऱ्या योजनेतून तेच यंत्र मिळाले असून, आठवड्यातून दोन दिवस ते या प्रकल्पासाठी राखून ठेवण्याचे विभागप्रमुखांचे लेखी पत्र सोबत आहे. एकाच विभागात दुसरे यंत्र घेणे मला पटत नाही.

गरज वाढली आहे ती बागांकडे. प्रकल्पात २४ बागा नोंदवल्या होत्या, त्यातल्या बहुतेक सांगोला तालुक्यातल्या. मर रोग आणि पिनहोल बोररने खोडे पोखरल्यामुळे त्यांपैकी १० बागा मालकांनी मुळासकट काढल्या. ज्या झाडांना आम्ही क्रमांकाच्या पट्ट्या बांधल्या होत्या, ती बांधावर सरपणाच्या ढिगात पाहावी लागली. त्या शेतकऱ्यांनी फवारणीच्या नोंदी मनापासून ठेवल्या होत्या. पहिल्या वर्षाच्या विश्लेषणात त्या वापरणारच आहोत.

उरलेल्या १४ बागांवर काम उरकता येईल का, हाही विचार केला. पण त्यातल्या बऱ्याच बागांत फवारणीचे वेळापत्रक जवळपास सारखे आहे. ताम्रयुक्त औषध जास्त वेळा मारणारी बाग आणि कमी वेळा मारणारी बाग यांची तुलना हाच प्रकल्पाचा गाभा असल्याने तो मार्ग सोडला. माढा, माळशिरस आणि करमाळा तालुक्यांत १० पर्यायी बागा निवडल्या असून मालकांची संमतीपत्रे घेतली आहेत.

करमाळा जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, आम्ही आग्नेयेला. तेल्याचा नमुना शेतकऱ्याने एसटीने पाठवून चालत नाही. पान उजेडासमोर धरले की डाग तेलकट, पाणी भरल्यासारखा दिसतो. त्या अवस्थेतले पान बर्फपेटीत घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत आणावे लागते. पान पिशवीत घामेजले की इतर जिवाणू माजतात आणि झॅन्थोमोनासच्या पिवळ्या, बुळबुळीत वसाहती त्यात हरवतात. म्हणून हस्त आणि आंबे या दोन बहारांत मिळून २२ दिवस भाड्याचे वाहन लागेल. इंधन व चालकासह दिवसाला रु. ५,००० प्रमाणे रु. १,१०,००० होतात.

नव्या १० बागांतून प्रत्येकी ८ नमुने, दोन बहार, म्हणजे १६० जादा नमुने. माध्यमे, प्लेटा, प्रायमर व एन्झाइम धरून नमुन्यामागे रु. ५०० प्रमाणे रु. ८०,००० लागतील. पहिल्या वर्षी काही आयसोलेट अपेक्षेपेक्षा जास्त ताम्रमात्रेतही वाढले. ते खरेच सहनशील आहेत का, हे जनुकीय पातळीवर तपासल्याशिवाय शेतकऱ्यांना काही सांगणे जबाबदारीचे होणार नाही. त्यासाठी १०० जादा आयसोलेटचे सिक्वेन्सिंग बाहेरून, प्रत्येकी रु. ५००, एकूण रु. ५०,०००.

| शीर्ष | मंजूर (रु.) | प्रस्तावित (रु.) |
|---|---|---|
| उपकरणे | ३,५०,००० | १,१०,००० |
| रसायने व काचसामान | २,४०,००० | ३,२०,००० |
| क्षेत्रभेटी व प्रवास | १,२०,००० | २,३०,००० |
| बाह्य चाचण्या | ६०,००० | १,१०,००० |
| मनुष्यबळ | ३,६०,००० | ३,६०,००० |
| आकस्मिक | ७०,००० | ७०,००० |
| एकूण | १२,००,००० | १२,००,००० |

उपकरणांतील रु. ९२,००० इनक्युबेटरवर खर्च झाले असून उरलेल्या रु. १८,००० मध्ये बर्फपेट्या व मायक्रोपिपेट घेऊ. मनुष्यबळाला हात लावलेला नाही. प्रकल्प सहायकाचे मानधन आधीच बेताचे आहे.

हस्त बहाराची पानगळ सप्टेंबरात सुरू होते आणि पहिल्या पाण्यानंतर नवी पालवी फुटताच नमुने घ्यावे लागतात. ती वेळ टळली तर या बागांचा पूर्ण हंगाम जातो. म्हणून समितीच्या ऑगस्टच्या बैठकीत हा प्रस्ताव घ्यावा. मान्यतेपूर्वी वाढीव शीर्षांत मंजूर मर्यादेबाहेर एक रुपयाही खर्च केला जाणार नाही. समितीने बोलावल्यास नोंदवह्यांसह उपस्थित राहीन.

आपली विश्वासू,
प्रमुख संशोधक,
सूक्ष्मजीवशास्त्र विभाग

(प्राचार्यांमार्फत सादर)

सोबत : पहिल्या वर्षाचे लेखापरीक्षित खर्चपत्रक व उपयोगिता प्रमाणपत्र, विभागप्रमुखांचे पत्र, १० बागमालकांची संमतीपत्रे, वाहन व सिक्वेन्सिंगची प्रत्येकी तीन दरपत्रके.