सावजी मसाल्याचे पाऊच: काम, फी आणि दुरुस्त्या

नमस्कार ताई,

काल रात्री तुमचा मेल वाचला, फोटोही पाहिले. सासूबाईंच्या हातचा मसाला महालातल्या ओळखीच्या घरांतून आता दुकानांत जाणार, हे वाचून फार बरं वाटलं. हे काम मला मनापासून करायचं आहे.

तुमच्या मेलवरून मला समजलं ते असं: ब्रँडचा देवनागरी लोगो, आणि मटण, चिकन, भाजी अशा तीन मसाल्यांचे २०० ग्रॅमचे पाऊच, पुढून-मागून. मागच्या बाजूला घटक, निव्वळ वजन, एमआरपी, बॅच, तारखा आणि एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक यांची मांडणी मी करीन; मजकूर तुम्ही द्याल. मटण मसाल्यावर मटणाचं चित्र असलं, तरी आतला मसाला शाकाहारी आहे, त्यामुळे खूण हिरवीच लागेल. फोटोग्राफी, छपाई आणि ट्रेडमार्क यात धरलेलं नाही.

तुम्ही पाऊचला पारदर्शक खिडकी म्हणालात. माझं मत नको असं आहे. उजेडाने मसाल्याचा रंग आणि वास दोन्ही उतरतात.

फी एकूण ३२,००० रुपये: लोगो १२,०००, पहिला पाऊच १०,०००, उरलेले दोन प्रत्येकी ५,०००. निम्मे सुरुवातीला, निम्मे छपाईच्या फाइली देण्याआधी. माझी जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे वर कर लागणार नाही.

लोगोच्या तीन कल्पना दाखवीन. त्यातली एक निवडली की तिच्यात दोन वेळा दुरुस्त्या, आणि पाऊचच्या संचातही दोन वेळा. एक वेळ म्हणजे घरातल्या सगळ्यांचं ऐकून, एकाच व्यक्तीने, एकाच मेसेजमध्ये पाठवलेली पूर्ण यादी. आज रंग, उद्या अक्षर, परवा पुन्हा रंग असं झालं की डिझाइन बिघडतं, हे मी एका जुन्या कामात भोगलं आहे. तिसऱ्या वेळेपासून प्रत्येक वेळेचे १,५०० रुपये. माझ्या हातून राहिलेली चूक कधीही, विनामूल्य दुरुस्त करून देईन.

दोनच वेळा का, तेही सांगते. असे पाऊच बहुतेक ग्रॅव्हूर पद्धतीने छापतात आणि प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. कोरल्यावर वेलांटी चुकलेली दिसली, तर त्या रंगाचा सिलिंडर नव्याने करावा लागतो आणि तो खर्च तुमच्यावर येतो. म्हणून शेवटचा प्रूफ कागदावर, खऱ्या आकारात छापून आपण दोघी समोरासमोर वाचू. जोडाक्षरं मी स्वतः एकेक तपासते.

ॲडव्हान्स आणि मजकूर मिळाल्यापासून माझं काम पाच आठवड्यांचं. छपाईचा वेळ त्यापुढे धरा.

हे पटत असेल तर उत्तरात तेवढं लिहा, मी करारपत्र पाठवते. बजेट कमी असेल तरी मोकळेपणाने सांगा. आधी लोगो आणि फक्त मटण मसाला, २२,००० रुपयांत, असंही करता येईल. आणि शक्य झालं तर मसाल्याची एक पुडी द्या. रंग ठरवण्याआधी मला तो हातात घेऊन पाहायचा आहे.

आपली,
मृणाल
धरमपेठ, नागपूर