सहावी ‘ब’ : अन्वयसाठीची कामं, वर्गाच्या मधोमध

सहावी ‘ब’ला शिकवणाऱ्या सगळ्यांसाठी. जुलै ते सप्टेंबर.

अन्वय पाचवीत माझ्याकडेच होता, त्यामुळे आधी माझी चूक सांगते. त्याची गणितं दहा मिनिटांत व्हायची, म्हणून मी त्याला शिष्यवृत्तीच्या पुस्तकातली वीस जास्तीची गणितं देऊन खिडकीजवळच्या बाकावर बसवत असे. त्याला कंटाळा येऊ नये एवढाच हेतू होता. दिवाळीनंतर तो गणितं मुद्दाम सावकाश सोडवायला लागला. एकदा त्याची वही बघितली तर उत्तरं आधीच लिहिलेली होती आणि त्यांच्यावर हाताचा पंजा ठेवून तो बसला होता, ओंकारचं व्हायची वाट बघत. लवकर संपवलं की एकटं बसावं लागतं, हे तो माझ्याचकडून शिकला होता.

म्हणून या वर्षी त्याला वेगळा बाक नाही आणि वेगळा कागदही नाही. जे काम बेचाळीस मुलांचं, तेच त्याचं. फक्त ते काम असं निवडायचं की सगळ्यांना त्यात शिरता यावं आणि ज्याला खोल जायचंय त्याला तळ लागू नये. शिवाय प्रत्येक कामात एक तरी गोष्ट अशी हवी, जी त्याला इतरांकडूनच मिळेल. यातल्या दुसऱ्या गोष्टीसाठी मी जास्त आग्रही आहे.

सराव कमी करण्याबद्दल आधी. नवा घटक सुरू करताना त्यातले सगळ्यात अवघड पाच प्रश्न फळ्यावर लिहा आणि ‘ज्यांना बघायचेत त्यांनी सोडवून बघा’ असं सगळ्या वर्गाला सांगा. चार बरोबर आले तर त्या घटकाचा सराव माफ. अपूर्णांकात अन्वयबरोबर फातिमा आणि गौरी सुटल्या, भूमितीत समीर सुटला आणि अन्वय सुटला नाही. त्याची रचना दोनदा चुकली, मग समीरनं कंपास कसा धरायचा ते दाखवलं. मला त्या दिवशी फार बरं वाटलं. सुटलेल्यांनी मोकळ्या वेळात खालच्या कामांपैकी चालू असलेलं काम पुढे न्यायचं, आपल्याच जागेवर, आपल्याच गटात. गृहपाठ वाढवायचा नाही.

पहिलं काम : चार अंकांची वजाबाकी (गणित, जुलैचा दुसरा आठवडा, तीन तास)

फळ्यावर लिहायचा मजकूर:

‘कोणतेही चार अंक घ्या. चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यात मोठी संख्या करा, लहानात लहान संख्या करा, वजा करा. आलेल्या उत्तराचे अंक घेऊन पुन्हा तेच करा. उत्तर बदलायचं थांबलं की हात वर करा. किती वेळा वजा केलं ते चिठ्ठीवर लिहून भिंतीवर लावा.’

पहिलं उदाहरण मी १९६१ चं देणार आहे. हे साल पुढच्या कामात येणारच आहे. ९६११ वजा ११६९ म्हणजे ८४४२. मग ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सातव्या पायरीला ६१७४. त्यानंतर कितीही वेळा करा, ६१७४ च. चार अंक कोणतेही घेतले तरी सातपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. हे मुलांना आधी सांगू नका. भिंतीवरच्या चिठ्ठ्यांतून त्यांना दिसू द्या. उत्तरात शून्य आलं, अगदी सुरुवातीला आलं तरी, तेही अंक म्हणून धरायचं, हे मात्र आधीच सांगा, नाहीतर अर्धा वर्ग तिथे अडकतो.

ज्यांची हातच्याची वजाबाकी कच्ची आहे त्यांचा पंधरा-वीस वजाबाक्यांचा सराव इथे कुरकुर न करता होतो, कारण प्रत्येकाला ६१७४ गाठायचं असतं. चिठ्ठी चुकली की भिंतच सांगते.

भिंत भरली की दुसरा प्रश्न सगळ्यांसाठी: ‘दोन अंकांचं काय होतं?’ तिथे एक संख्या मिळत नाही, फेरा मिळतो: ९, ८१, ६३, २७, ४५ आणि परत ९. हा फेरा फरशीवर खडूनं काढायचा. नवाचा पाढा दिसतो का, हे कोणी ना कोणी विचारतंच.

तिसरा प्रश्न गटाच्या पाकिटात बंद ठेवायचा, ज्या गटाला हवा त्यानं उघडायचा: ‘तीन अंकांचं उत्तर नेहमी ४९५ का येतं? पहिल्या वजाबाकीनंतर मधला अंक कोणता येतो ते आधी बघा.’ मधला अंक नेहमी ९ येतो. त्यामुळे पहिल्या पायरीनंतर फक्त नऊच उत्तरं शक्य असतात आणि ती नऊ तपासली की झालं. अन्वय इथे पोचेल, पण त्याला खात्री करून घ्यायला गटातल्यांच्या वीस-पंचवीस वजाबाक्या लागतील. त्यानं सगळ्या स्वतः करायच्या नाहीत, हा नियम आहे. त्याला त्यापुढेही जायचं असेल तर ‘पाच अंकांचं काय?’ एवढंच म्हणा. तिथे एक संख्या मिळत नाही, फेरे मिळतात. ते त्याचं त्याला सापडू द्या.

शेवटी पाच मिनिटं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांबद्दल सांगा. १९०५ साली डहाणूला जन्म, शिक्षण आपल्या फर्ग्युसनमध्ये, नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तर म्हणून. ही ६१७४ त्यांनीच १९४९ साली जगापुढे मांडली. शाळामास्तर म्हटल्यावर मुलांचे डोळे मोठे होतात.

दुसरं काम : बारा जुलै (मराठी आणि इतिहास मिळून, तीन आठवडे)

माझा सगळ्यात जास्त भरवसा या कामावर आहे.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं. बांधकाम पुरतं झालेलं नव्हतं आणि पहिल्याच पावसाळ्यात ते भरलं होतं. त्याच दिवशी खालचं खडकवासलाही फुटलं आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. एवढं तुम्ही सांगायचं. बाकीचं मुलांनी आणायचं.

मुलांना द्यायचा मजकूर:

‘घरात, वाड्यात, सोसायटीत, भाजीवाल्यांकडे, देवळात, मशिदीत विचारा: पानशेतचा पूर तुम्हाला आठवतो का? तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता? कुठे राहायचा? पाणी किती वाजता दिसलं? कुठवर आलं? घरातून काय उचललंत? सांगणारे जसं बोलतील तसंच लिहा, शब्द बदलू नका. स्वतः बघितलं की ऐकलं, ते बाजूला लिहा.’

अन्वयचं घर लातूरहून चार वर्षांपूर्वी आलंय. त्याच्या घरात पानशेत आठवणारं कोणी नाही. वाचून त्याला बरंच कळेल, पण आठवण मिळणार नाही. ती समीरच्या आजीकडे आहे, त्या नारायण पेठेत लहानाच्या मोठ्या झाल्या. म्हणून जोडी समीर आणि अन्वय अशी लावली आहे. प्रश्न समीरनं विचारायचे, त्याला आजीशी बोलता येतं. अन्वयनं लिहून घ्यायचं. मी मागच्या शनिवारी आजींना भेटून परवानगी घेतली. त्यांनी पाण्याबद्दल थोडंच सांगितलं आणि पुरानंतरच्या चिखलाच्या वासाबद्दल खूप वेळ बोलत राहिल्या. पितळेचा एक डबा अजून त्यांच्याकडे आहे. त्याच्या कडेच्या खाचेत तेव्हाची माती बसली होती, ती आईनं चिंचेनं घासून काढली, असं त्या म्हणाल्या. असं काही मुलांसमोर निघालं तर घाई करू नका.

सगळ्या आठवणी आल्या की पुण्याच्या मोठ्या नकाशावर दोऱ्या लावायच्या: ठिकाण, वेळ, पाण्याची उंची. वेळा जुळणार नाहीत. एकाच पेठेतले दोघं दोन वेगळ्या वेळा सांगतील. मग वर्गापुढे प्रश्न ठेवायचा: ‘कोणाचं खरं धरायचं, आणि का?’ वय, ठिकाण, बघितलं की ऐकलं, घरात घड्याळ होतं का, सगळं फळ्यावर येऊ द्या. अन्वयला मी या चर्चेची नोंद करायला सांगणार आहे. ‘न जुळणाऱ्या आठवणी’ असं एक पान त्यानं लिहायचं, आणि ते प्रदर्शनात इतर पानांच्या मध्ये लागेल, सगळ्यांच्या वर नाही. लिहिण्याआधी ज्याची आठवण त्याला वाचून दाखवायची. अन्वय भराभर निष्कर्ष काढतो. ‘माझी आजी खोटं बोलते का?’ असं समोरच्यानं विचारलं की त्याला शब्द तोलून वापरावे लागतील, आणि हे तो एकटा बसून शिकणार नाही.

तिसरं काम : काठीची सावली (विज्ञान आणि भूगोल, २२-२३ सप्टेंबरच्या आसपास)

मैदानावर एक मीटरची काठी ओळंब्यानं सरळ उभी करायची. सव्वाअकरापासून पावणेदोनपर्यंत गटांनी पाळीपाळीनं दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खूण करायची आणि लांबी मोजायची. दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमाराला पुण्यात सगळ्यात आखूड सावली साधारण ३३ सेंटिमीटर भरते. ती कागदावर प्रमाणात काढून कोनमापक लावला की काठीच्या टोकाशी साडेअठरा अंशांच्या आसपासचा कोन मिळतो. मग नकाशासंग्रहात पुण्याचा अक्षांश बघायचा. आधी बघू देऊ नका.

गटांमध्ये मोजणारे, वेळ सांगणारे, लिहिणारे आणि काठी हलू न देणारे असे सगळे लागतात. काठी सांभाळायला या वेळी अन्वय. हे काम त्याच्या हातून सहज होत नाही, म्हणूनच.

खोल प्रश्न वेळेचा. सावली सगळ्यात आखूड बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, पुणे ७३.८५ च्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं धरली तर १२ वाजून ३५ मिनिटं येतात. प्रत्यक्षात १२:२७ च्या आसपास येतील. ही सात-आठ मिनिटं कुठे गेली? उत्तर लगेच देऊ नका, मोजण्यात चूक झाली असंही म्हणू नका. सावली आखूड असताना फारच हळू बदलते, त्यामुळे नेमका क्षण पकडता येत नाही. काठीभोवती वर्तुळाचा कंस काढून टोक आधी आणि नंतर कधी टेकलं ते बघायचं आणि मधली वेळ घ्यायची, हा उपाय कोणाला सुचतो ते बघा. त्यानंतरही मिनिटं जुळली नाहीत, तर अन्वय आणि ज्याला हवं त्यानं डिसेंबरमध्ये पुन्हा मोजायचं. तेव्हा फरक वेगळा येईल, आणि पृथ्वीच्या कललेल्या आसाकडे व लंबवर्तुळाकार कक्षेकडे वळायचं कारण मिळेल.

आता बोलण्याबद्दल. ‘अन्वयला विचारा, त्याला येतं’ हे वाक्य वर्गात नको. त्याला सारखं दुसऱ्यांना शिकवायला बसवणंही नको. आठवड्यातून एकदा ठीक, रोज झालं तर तो विनापगारी मास्तर होतो आणि त्याचं स्वतःचं शिकणं थांबतं. त्यानं तासाला चूक केली तर इतरांच्या चुकीला जेवढं थांबता तेवढंच थांबा. मधल्या सुट्टीत तो कोणाबरोबर डबा खातो, हे मी दर शुक्रवारी वहीत लिहिते. तुम्हालाही काही दिसलं तर सांगा. जूनमध्ये दोन नावं होती, आता पाच आहेत.

त्याच्या आई-बाबांनी विचारलं होतं की ज्ञान प्रबोधिनीच्या प्रवेशासाठी बघावं का. १९६२ पासून ती संस्था याच कामात आहे, आणि निर्णय त्यांचा. मी त्यांना एवढंच म्हटलं की तो जिथे जाईल तिथे जावो, या वर्षी रोज साडेपाच तास तो आपल्याकडे आहे.

सप्टेंबरमध्ये ढग असतील तर त्या आठवड्यातला पहिला उन्हाचा दिवस धरायचा. दोन दिवस पुढे-मागे झाले तर सावलीत साधारण दीड सेंटिमीटरचाच फरक पडतो, चालेल. काठी, ओळंबा आणि खडूचा डबा माझ्या कपाटात खालच्या खणात आहे. सकाळी ऊन दिसलं की सव्वाअकराच्या आत मला निरोप द्या. माझे त्या वेळचे तास मी बदलून घेतले आहेत.