पित्ताच्या थैलीचं दुर्बिणीचं ऑपरेशन: संमतीपत्र

ताई, हा कागद घरी न्या, मुलाला, यजमानांना वाचू द्या. सरांनी ओपीडीत सांगितलेलंच इथं लिहिलंय. हिंदीतला हवा असेल तर काउंटरवर मागा. ऑपरेशन गुरुवारी सकाळी आहे, नागपूरलाच, आपल्या दवाखान्यात.

काय झालंय
सोनोग्राफीत थैलीत खडे दिसले, मोठा 15 एमएमचा, आणि दोनदा पोट दुखून तुम्ही रात्री कॅज्युअल्टीत आल्या. हे मुतखडे नाहीत, त्यामुळे पाणी पिऊन पडत नाहीत.

काय करणार
पूर्ण भूल देऊन पोटाला चार छोटी भोकं पाडून थैली खड्यांसकट काढणार. नुसते खडे काढले तर थैली परत खडे बनवते म्हणून तसं करत नाही.

काय बिघडू शकतं
रक्तस्राव, टाक्यात पू होणं (तुम्हाला शुगर आहे त्यामुळे ही भीती जरा जास्त, म्हणून आधी शुगर आटोक्यात आणणार), पायात रक्ताची गुठळी, भुलीचा त्रास. खांदा दुखेल, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, दोन-तीन दिवसांत जातो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पित्तनळीला इजा. हजारात साधारण 3 ते 5 जणांना होते, म्हणजे क्वचितच, पण झाली तर लहान गोष्ट नाही, पित्त पोटात गळतं, कावीळ होऊ शकते, नळी जोडायला आणखी मोठं ऑपरेशन लागू शकतं, म्हणून हे दोनदा वाचा आणि समजलं नाही तर सरांनाच विचारा, सिस्टरला नको. नळीत एखादा खडा राहिला तर तोंडातून दुर्बीण घालून काढावा लागतो.

आत फार चिकटलेलं निघालं किंवा रक्त थांबलं नाही तर पोट उघडून ऑपरेशन करावं लागेल. सर अडून बसणार नाहीत, तुमच्या जिवासाठीच तसं करतील. पण ठरल्याबाहेरचा दुसरा अवयव, जिवाला धोका नसताना, तुम्हाला न विचारता काढणार नाही. सुप्रीम कोर्टानंही 2008 मध्ये हेच सांगितलंय.

दुसरे मार्ग
थांबता येतं. तेलकट, सावजी बंद केलं तर दुखणं कमी होईल, पण खडे तिथंच राहतात, पुढं थैलीला सूज, कावीळ किंवा स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि ती जिवावर बेतू शकते. खडे विरघळवायच्या गोळ्या छोट्या, कोलेस्टेरॉलच्या खड्यांना लागू पडतात, तेही महिनोन्‌महिने घेऊन, आणि बंद केल्या की पुष्कळांना परत होतात. तुमचा खडा मोठा आहे, सर गोळ्या सुचवत नाहीत. सरळ पोट उघडूनही थैली काढता येते, त्यात दुखणं आणि दवाखान्यातला मुक्काम दोन्ही जास्त.

तुमचा निर्णय
भूल देईपर्यंत कधीही नाही म्हणू शकता, कोणी रागावणार नाही, इलाज बंद होणार नाही. वाचलं, विचारलं, उत्तरं मिळाली, पटलं, तरच खाली सही करा, शेजारी साक्षीदाराची आणि सरांची सही तारीख-वेळेसह. कागदाची एक प्रत तुमच्याकडंच राहील.