कामिनी

जुन्या बाजारात अण्णा बुधवारी जातात. रविवारी गर्दी इतकी असते की खाली बसून ढीग उपसायला जागा मिळत नाही, आणि ग्रामोफोनच्या तबकड्या उपसायच्या तर खाली बसावंच लागतं. पिशवीत ठरलेलं सामान: भिंग, मऊ फडकं, एक फूट बाय एक फूट जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे आणि सुतळी. वय चौऱ्याऐंशी. पुठ्ठे बहुतेक बुधवारी कोरेच घरी परत येतात.

त्या दिवशी कुंभारवेशीच्या बाजूला एका पोरानं ताडपत्री अंथरली होती. नळाच्या तोट्या, मिक्सरची भांडी, आणि कडेला उन्हात आडव्या रचलेल्या तीसेक तबकड्या. अण्णांनी आधी तो अख्खा ढीग सावलीत ओढून घेतला. लाखेच्या तबकडीला ऊन लागलं की ती मऊ पडते आणि वरच्या ओझ्यानं बशीसारखी वाकते. वरच्या चार तशाच वाकल्या होत्या. मग एकेक काढून ते भिंतीला उभी टेकवू लागले. भजनं, एक नाट्यपद, लग्नाच्या बँडची एक. अकरावी हातात आली आणि अण्णांनी भिंग काढलं.

लेबलवर कुत्रा आणि कर्णा. चित्रपट ‘महल’. गाणं ‘आएगा आनेवाला’. खाली गायिकेच्या जागी एकच नाव: कामिनी.

अण्णांनी ते तीनदा वाचलं. कामिनी म्हणजे पडद्यावरची मधुबाला, सिनेमातल्या पात्राचं नाव. त्या काळी तबकडीवर पुष्कळदा पात्राचंच नाव छापत. १९४९ साली हे गाणं रेडिओवर लागायला लागलं तेव्हा ‘ही गाणारी कोण’ म्हणून लोकांची पत्रं गेली, आणि मग लता मंगेशकर हे नाव बाहेर आलं. अण्णांना लहानपणी पाहिलेली तबकडी हवी होती, कामिनी लिहिलेली. घरातल्या तरुण मंडळींना त्यांनी कितीदा तरी सांगितलं होतं की त्यावर लताचं नाव नव्हतं. सगळे मान डोलवत आणि विषय बदलत.

अण्णांनी मधल्या भोकात बोट घालून तबकडी अधांतरी धरली आणि नखानं कडेला टिचकी मारली. अखंड तबकडी खणकते. ही भदभदली. म्हणजे तडा. तिरकी धरून उजेड पाडला तेव्हा तो दिसला: काठापासून आत जेमतेम दोन सेंटिमीटर, केसाएवढा. काठाची कोरी पट्टी सोडली तर गाण्यात पंधरा मिलिमीटर. एका मिलिमीटरला साधारण चार रेघा धरल्या तर साठ फेरे, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या हिशेबानं पाऊण मिनिट. तेवढा वेळ टक्टक् येणार. पण सुरुवातीला संथ लयीतल्या ओळी आहेत, मुखडा पुष्कळ पुढे. मुखडा स्वच्छ लागेल.

रेघांचा रंग मात्र काळाभोर होता. अण्णांचा श्वास तिथेच मोकळा झाला. बोथट सुईनं कुरतडलेली तबकडी राखाडी दिसते, आणि ते राखाडीपण कशानंही धुतलं जात नाही.

“केवढ्याला, बाळ?”

“दीडशे द्या, बाबा. फुटकीय जरा. अन् ही कामिनी कोण ते पण म्हाईत नाही.”

अण्णांनी दीडशे मोजून दिले. तबकडी फडक्यात गुंडाळून दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ठेवली, सुतळी आडवी-उभी बांधली. उठता उठता म्हणाले, “असं कामिनी लिहिलेलं पुन्हा आलं तर भंगारात घालू नकोस. ही लता आहे.”

पोरानं बांधलेल्या पुठ्ठ्यांकडे बघितलं, मग अण्णांकडे. “लता मंगेशकर?”

“हो. आणि ढीग उभा लावत जा. सावलीत.”

बसमध्ये त्यांनी पिशवी मांडीवर उभी धरली होती, दोन्ही हातांनी.

घरी सूनबाईनं तबकडीवरचा काळा थर पाहिला आणि स्पिरिटची बाटली आणली. “नको, नको!” अण्णा जवळजवळ ओरडलेच. “लाख आहे ही. स्पिरिटमध्ये विरघळते. रेघाच जातील.” मग त्यांनी सांगितलं तसं तिनं केलं. घमेल्यात साधं पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. लेबलवर वाटी उपडी घालून अण्णांनी दाबून धरली, कागद भिजू नये म्हणून. सूनबाईनं दाढीच्या मऊ ब्रशानं रेघांच्या दिशेनं, गोल गोल घासलं. आडवं एकदाही नाही. पाणी चहासारखं झालं. स्वच्छ पाण्यानं धुऊन, सुती फडक्यानं टिपून तबकडी ताटाळ्यात उभी ठेवली. पंख्याखाली, दोन तास.

तोवर अण्णांनी ग्रामोफोनची पेटी उघडली. साउंडबॉक्समधलं रबर मागच्या वर्षीच बदललं होतं. जुनं रबर दगड झालं की आवाज पत्र्यासारखा फाटतो. हँडल जड लागेपर्यंतच फिरवलं, पुढे जोर केला नाही. चकतीच्या काठाला कागदाची चिंधी चिकटवली.

“अर्धं मिनिट मोज गं, चिंधी किती वेळा येते.”

“सदतीस.”

“दोन कमी.” अण्णांनी वेगाचा काटा किंचित सरकवला. पुन्हा मोजले. एकोणचाळीस.

सुयांची पत्र्याची डबी काढली तेव्हा त्यांचा हात जरा रेंगाळला. १९५० साली आक्कानं शिकवणीचे पैसे साठवून ही तबकडी घेतली होती. सुया महाग वाटायच्या, म्हणून आक्का शाळेत गेली की नऊ वर्षांचा अण्णा एकाच सुईवर तीच बाजू वीस-वीसदा लावायचा. पोलादी सुई एका बाजूतच झिजते. मग ती सुई राहत नाही, छिन्नी होते. चार महिन्यांत रेघा राखाडी पडल्या आणि गाण्यावर पावसासारखा खरखराट बसला. आक्काला वाटलं, दुकानदारानं वापरलेली तबकडी गळ्यात मारली. ती दुकानात जाऊन भांडून आली. अण्णा गप्प बसला. पंचाहत्तर वर्षं गप्पच होता.

“मिरजेला फोन लाव,” अण्णा सूनबाईला म्हणाले. “स्पीकरवर ठेव.”

आक्काचं वय एक्क्याण्णव. ऐकू कमी येतं, पण फोन कानाला लावला की येतं.

अण्णांनी नवी सुई बसवली, स्क्रू आवळला आणि तबकडी फिरू लागल्यावर काठावर अलगद सोडली. टक्. टक्. टक्. प्रत्येक फेऱ्याला एकदा, तड्यावरून. त्या टकटकीच्या मागून तो आवाज आला, लांबून चालत आल्यासारखा. सूनबाई खाली बसली. पाऊण मिनिटानं टकटक थांबली. मुखडा आला तेव्हा खोलीत सुईच्या बारीक सळसळीशिवाय दुसरं काही नव्हतं.

फोनमधून काहीच येत नव्हतं. बाजू संपली, अण्णांनी सुईचा हात उचलला.

“आक्का, ऐकलंस? लेबलवर कामिनीच आहे. आणि ती तबकडी, आपली… ती दुकानदारानं नाही, मी खराब केली होती.”

बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

“दुसरी बाजू लाव,” आक्का म्हणाली. “आधी सुई बदल.”

अण्णांनी वापरलेली सुई काढून रिकाम्या काडेपेटीत टाकली आणि डबीतली नवी उचलली.